केशर रस्त्यावर नेऊन हुंगायचं

सासूबाईंबरोबर सुकामेवा आणायला जायचं म्हणजे मला पूर्वी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दुकानात डबी उघडायला लावायची, केशराच्या चार काड्या कागदावर घ्यायच्या आणि पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर जाऊन हुंगायच्या. दुकानदार मागून ओरडतोय, "अहो बाई, माल घेऊन कुठं निघालात?" यांना ढिम्म फरक नाही.

"आत कसला वास घ्यायचा?" त्या म्हणायच्या. "लबाड माणूस खऱ्या केशराची डबी गल्ल्यामागे उघडी ठेवतो. वास तिचा आणि पुडीत भलतंच!"

पिस्ते ओल्या रुमालावर घासायच्या. रुमाल हिरवा झाला की दुकानदाराची खैर नसायची. बदाम एखादा कडू निघाला तर सोडून द्यायच्या. लागोपाठ तीन कडू निघाले की जर्दाळूच्या बिया मिसळल्यात म्हणून सगळ्यांदेखत सांगायच्या. बाजारात त्यांना 'नाकवाल्या बाई' म्हणतात. घरी मिठाई करून विकणाऱ्या बाईचं भांडवल ते काय? नाव आणि नाक.

एका भाऊंच्या दुकानात मात्र त्या पायरी उतरत नसत. कारण भाऊ स्वतःच सांगायचे, "वहिनी, हे काजू खवट झालेत, आज नका नेऊ." स्वतःचा माल घेऊ नका म्हणणारा दुकानदार दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

मधे भाऊ तापानं आजारी होते. परवा आम्ही लग्नाच्या मिठाईचं सामान आणायला गेलो तर गल्ल्यावर त्यांचे चिरंजीव आणि बाजूच्या खुर्चीत भाऊ, वाळून काटकी झालेले. चिरंजीवांनी केशराचा भाव सांगितला. बाजारापेक्षा बराच कमी! "तुमच्यासाठी म्हणून, काकू." दुसऱ्या कुणी असा भाव सांगितला असता तर सासूबाई तिथूनच फिरल्या असत्या. पण भाऊंनी डबी नाकाशी धरली, म्हणाले, "एक नंबर आहे, वहिनी. घ्या." आता भाऊंच्या तोंडावर पायरी कशी उतरायची? घेतलं.

घरी येऊन कोमट दुधाच्या वाटीत काड्या टाकल्या. टाकताक्षणी दूध लालभडक! खरं केशर सावकाश रंग सोडतं, दूध पिवळंधमक होतं आणि काडी लालच राहते. इथं काड्या पांढऱ्याफटक पडल्या. एक जिभेवर ठेवली तर गोड. खरी काडी कडवट लागते. पिस्त्यांनी रुमालही हिरवा केला.

"ही मिठाई लग्नघरी गेली असती म्हणजे?" त्यांचा आवाज चढला. "दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर सोडलं असतं. भाऊंनी? भाऊंनी मला फसवावं?" वाटी तशीच उचलून त्या निघाल्या. मी पदर खोचून मागोमाग. माझंही डोकं फिरलं होतं.

दुकानात गर्दी होती. त्यांनी वाटी गल्ल्यावर आपटली. "हे काय विकता?"

"काकू, हल्ली असंच येतं," चिरंजीव हसत म्हणाले. ते हसू पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाऊंनी वाटी घेतली, लांब श्वास घेतला. "वास तर छान आहे की, वहिनी."

सासूबाईंनी वाटी त्यांच्या हातातून घेऊन पुन्हा हुंगली. त्या वाटीला दुधाशिवाय कसलाही वास नव्हता. त्यांनी फळीवरची हिंगाची डबी उचलली, झाकण काढलं. "भाऊ, डोळे मिटा. हे कसं आहे सांगा."

हिंगाच्या भपकाऱ्यानं मी दोन पावलं मागे सरले. भाऊंनी मात्र मन लावून हुंगलं. "हेही चांगलंय," ते म्हणाले. "पहिल्यापेक्षा सरस केशर."

भाऊंनी डोळे उघडले, डबी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तापानंतर गेलं, वहिनी," ते हळूच म्हणाले. "येईल परत म्हणून बोललो नाही. या धंद्यात नाक गेलं असं सांगायचं कसं? घरात फक्त याला ठाऊक होतं." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "रोज डबी पुढं करतो. म्हणतो, बाबा, गिऱ्हाइकासमोर वास घ्या, माल चोख आहे."

बापाचं मेलेलं नाक पुढं करून विष विकायचं! मी त्या कार्ट्याला तोंडाला येईल ते बोलले आणि पुन्हा बोलेन. सासूबाईंनी मला अडवलं नाही.

भाऊंनी केशराच्या डबीतली एक काडी जिभेवर ठेवली. जीभ शाबूत होती. "गोड," ते म्हणाले आणि त्यांनी काडी तळहातावर थुंकून टाकली. मग भिंतीला धरून उठले, गर्दीतून वाट काढत दारापाशी गेले आणि शटरला हात घातला.

"बाबा, अहो काय करता?" चिरंजीव ओरडले. "गिऱ्हाईक उभं आहे!"

"म्हणूनच," भाऊ म्हणाले. "चला, सगळे बाहेर व्हा. वहिनी, जरा हात लावा, मला एकट्याला ओढवत नाही."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली आणि दोघांनी मिळून शटर खाली ओढलं.