मावशींचं नमुन्याचं रक्त

स्वतःच्या बोटात सुई टोचायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती. दुसऱ्यांची बोटं मी दिवसाला चाळीस-पन्नास टोचायची, तीही गप्पा मारत. पण स्वतःचं बोट पुढे आलं की हात आपोआप मागे जायचा. सर म्हणायचे, "शूर आहेस हो, लोकांच्या जिवावर."

हडपसरला औषधाच्या दुकानाच्या वर आमची लॅब होती. सर पॅथॉलॉजिस्ट, मी टेक्निशियन आणि झाडलोट, काचा धुणं बघणाऱ्या मावशी. आजूबाजूला शेतं जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. नव्या नोकरीआधीच्या तपासणीला रोज सकाळी पोरापोरींची रांग लागायची. इस्त्रीचे शर्ट, उपाशी पोट, आणि प्रत्येकाला रिपोर्ट कालच हवा असायचा.

रांग सुरू व्हायच्या आधी एक काम असे. दिवसाची पहिली स्लाइड पेशंटची नसायची, आपल्यातल्याच कुणाची तरी. रक्ताचा थेंब काचेवर पातळ ओढायचा, वाळला की त्यावर रंग ओतायचा, दोन मिनिटांनी पाणी घालायचं, आणखी थोडं थांबून धुवायचं. मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पेशींचं केंद्र जांभळं आणि लाल पेशी गुलाबी दिसल्या की रंग ठीक. मग पेशंटच्या स्लाइड करायच्या. या पहिल्या स्लाइडला आम्ही नमुना म्हणायचो.

नमुन्यासाठी कुणाचं तरी बोट लागायचं. सर उशिरा यायचे आणि माझं शौर्य वर सांगितलंच आहे. एके दिवशी मावशीच म्हणाल्या, "घ्या की माझं, ताई. येवढ्याशा थेंबानं काय व्हतंय?" तेव्हापासून रोज त्यांचंच बोट. त्यांना त्याचा अभिमान होता. वाघोलीच्या पुढच्या त्यांच्या वस्तीत त्या सांगायच्या म्हणे, की लॅबमध्ये सगळ्यांचं रक्त आपल्या रक्ताशी ताडून बघतात.

नमुन्यातल्या लाल पेशी मला जरा फिक्या दिसायच्या. मी रंगाला दोष दिला. बुधवार पेठेतून रंग आणून देणाऱ्या माणसाशी फोनवर कचाकचा भांडले. तो बिचारा बाटली बदलून देई, पुन्हा तेच. मग मी रंग जास्त वेळ ठेवू लागले. त्यामुळे पेशंटच्या स्लाइड निळसर जायच्या, तर ते मी पाण्यावर ढकललं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

त्या पावसाळ्यात मावशी फार मंद झाल्या. दोन जिने चढताना मध्येच बसायच्या. काचा धुताना टेबलाला रेलायच्या. पदराच्या गाठीला कच्चे तांदूळ बांधलेले असत, ते दिवसभर तोंडात टाकायच्या. मी चिडवायची, "मावशी, लग्नात पाऊस पडेल हं तुमच्या." त्या हसून म्हणायच्या, "झालं की लगीन, कवाच. आता पोरीचं हाय." पोरीचं नर्सिंगचं शिक्षण त्यांच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

शेवटी सरांचा संयम संपला. "पहिल्या तारखेपासून दुसरी बाई बघ. आणि यांना तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही." माझ्याही जिभेवर ते येत नव्हतं. रोज ठरवायची, आज सांगू. रोज त्या बोट पुढे करायच्या आणि मी तोंड मिटून थेंब घ्यायची.

महिना संपायला आठवडा उरला होता. दर शनिवारी सरांकडे कॉलेजच्या दोन मुली शिकायला यायच्या. मी रांगेत अडकले होते. सरांनी रॅकवर वाळत ठेवलेली पहिलीच स्लाइड उचलून मायक्रोस्कोपला लावली आणि खूश झाले.

"या, बघा. पुस्तकातसुद्धा इतकी चांगली मिळायची नाही. लाल पेशीचा मधला भाग थोडा फिका असतोच, साधारण एक तृतीयांश. इथे नुसती कड उरलीये. शेजारी ही छोटी पांढरी पेशी, लिम्फोसाइट, दिसते? चांगली लाल पेशी तिच्या केंद्राएवढी असते. या बघा, किती बारक्या. आणि ही लांबट, पेन्सिलसारखी. या शरीरात लोह उरलेलं नाही. एका दिवसात असं होत नाही, कित्येक महिन्यांचं आहे." मग मान न वळवता मला विचारलं, "कुठल्या पेशंटची गं?"

मी स्लाइडची कड पाहिली. माझ्याच हातचं पेन्सिलीतलं अक्षर होतं. "नमुना आहे, सर."

सर उठून बाहेर गेले. मावशी जिन्यात बादली शेजारी ठेवून बसल्या होत्या. सरांनी वाकून त्यांची खालची पापणी ओढली. आत कागदासारखं पांढरं. त्यांनी स्वतः रक्त काढलं आणि हिमोग्लोबिन पाहिलं. साडेपाच. बाईमाणसाला बारा तरी हवं. कच्चे तांदूळ खायची ती ओढही लोह कमी झाल्याचीच होती.

मुली गेल्यावर सरांनी आवाज न चढवता विचारलं, "सहा महिने रोज काय बघत होतीस तू?"

"रंग," मी म्हटलं. खरं तेच होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशींची पाळी दीड-दीड आठवडा चालायची, अंगावरून फार जायचं. वय झालं की बायकांचं असंच असतं, अशी त्यांची समजूत होती. सरांनी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. गर्भाशयात गाठ निघाली, साधी, पण तीच महिनोन् महिने रक्त घालवत होती. आधी रक्तस्राव थांबवायच्या आणि लोहाच्या गोळ्या, अंगात ताकद आली की ऑपरेशन. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, हे मी त्यांना दहादा सांगितलं. दुसऱ्या बाईचं नाव सरांनी परत काढलं नाही. काचा मी धुऊ लागले.

चौथ्या आठवड्यात पुन्हा त्यांची स्लाइड केली, या वेळी रंगासाठी नाही. एकाच काचेवर दोन जातीच्या पेशी होत्या. जुन्या, बारीक, पोकळ. आणि त्यांच्यामध्ये नव्या, भरलेल्या, गोल गुबगुबीत. माझे डोळे भरून आले, फोकस जमेना. मी मावशींना बोलावून स्टुलावर बसवलं.

त्या बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिल्या. "हे माझंच?"

"तुमचंच. या भरलेल्या आहेत ना, त्या नवीन. या महिन्यातल्या."

"लई हायेत की."

"येतील अजून." मग इतके दिवस घशात अडकलेलं मी विचारलं, "मावशी, जिना चढवत नव्हता, उभं राहवत नव्हतं. एकदा तरी बोलायचं ना. कुठल्या तरी डॉक्टरला दाखवायचं."

त्या मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, साधं घरातलं काही सांगावं तसं. "पोरगी रोज मागं लागायची, दवाखान्यात चल म्हणून. मी म्हणायची, अगं, तिथं ताई रोज सकाळी माझं रक्त बघतात. काही असतं तर त्या बोलल्या नसत्या व्हय?"