गुळाचे चार खडे

माझं छापून आलेलं पहिलं लिखाण म्हणजे एका कॅलेंडरवरच्या फोटोखालच्या चार ओळी. त्या लिहिल्या तेव्हा मी सातवी नापास होतो, चिंचवडला एका मालवाहतुकीच्या कचेरीत कारकून होतो आणि होळीपर्यंत टिकतो की नाही याची मला रोज सकाळी काळजी वाटायची.

होळीचं असं होतं की मालकांनी गणपतीत मला ठेवून घेतलं तेव्हाच सांगितलं होतं, "होळीपर्यंत काम बघतो. जमलं तर कायम, नाही तर मालवणची गाडी." मालक लष्करात ट्रक चालवून आले होते. त्यांच्याकडे दोन गाड्या होत्या आणि बोलणं मोजकं होतं. कचेरीच्या माळ्यावर त्यांनी मला झोपायला जागा दिली, स्वतःची एक जुनी सतरंजी दिली. मी इतका ऋणी होतो की कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायचो. गावाला आईनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं की मुलगा मॅनेजर आहे. त्यामुळे परत जायची सोय राहिली नव्हती.

पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते. कुणी मुंबईहून बदलून येत होतं, कुणी बदलून जात होतं, आणि सगळ्यांबरोबर भांडीकुंडी होती. मालकांनी ठरवलं की नुसता कांदा-बटाटा वाहण्यापेक्षा घरं हलवावीत. गाडीसमोर आमच्या मिस्त्रीला उभं करून त्यांनी फोटो काढून घेतला, पुण्याच्या प्रेसमध्ये कॅलेंडर टाकलं. प्रेसवाला म्हणाला, फोटोखाली कॅप्शन हवं, चार ओळींपेक्षा जास्त बसणार नाही.

"तू लिही," मालक मला म्हणाले. "पोथी वाचतोस ना?"

"काय लिहू?"

"सामान कसं बांधतो ते. विमा. आगाऊ. बाकी फोटोत दिसतंय."

मी आठ दिवस लिहीत होतो. शेवटी जे छापलं ते असं:

'काच कागदात, चिनीमाती पेंढ्यात, लाकूड गोणपाटात, सारे आमच्या हातांनी. वाटेचा विमा आपण दिलेल्या किमतीच्या यादीप्रमाणे. ठरवताना निम्मे भाडे आगाऊ, उरलेले सामान उतरवताना. बेत रद्द झाल्याचे चार दिवस आधी कळवल्यास आगाऊ परत.'

मालकांनी वाचलं आणि म्हणाले, "ठीक." मी दुपारी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मिस्त्री निघोज्याचा. पेट्या तोच ठोकायचा, बांधणीही त्याचीच. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्याला मजकूर वाचून दाखवला. तो म्हणाला, "आन् माजं नाव?"

"नाव कुणाचंच नाही."

"मंग फोटू कशाला काडला राव?"

माघात एक साहेब ते कॅलेंडरच हातात घेऊन आले. पिंपरीच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, बदली नाशिकला झाली होती. त्यांनी माझ्या चार ओळी माझ्यासमोर बोट ठेवून वाचल्या, कुणी भाडेकरार वाचावा तशा. निम्मं भाडं दिलं, पावती घेतली आणि पावतीवर 'चार दिवस' हे शब्द माझ्याकडून लिहून घेतले. मग यादी. विमा उतरवायचा तर प्रत्येक जिनसेपुढे किंमत लागते, आणि विम्याचा हप्ता त्या किमतीवर ठरतो. साहेबांनी कपाटाची किंमत कमी सांगितली, हप्ता ऐकल्यावर आणखी कमी केली. शेवटी चिनीमातीच्या चार बरण्या आल्या. त्या साहेबांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, माहेरच्या.

"यांची किती लावू?" मी विचारलं.

साहेब म्हणाले, "लोणच्याच्या बरण्या, लावा काहीतरी." मी काहीतरी लावलं.

बांधणीच्या दिवशी मिस्त्री, दोन हमाल आणि यादी घेऊन मी, असे त्यांच्या घरी गेलो. मिस्त्रीचं काम बघण्यासारखं असे. बरणीचं झाकण वेगळं कागदात बांधायचा. बरणीच्या पोटात पेंढा ठासून भरायचा, एवढा की बोट शिरू नये. मग बाहेरून कागद, कागदावर पेंढ्याची वेणी, आणि पेटीत दोन बरण्यांच्या मध्ये पुन्हा पेंढा. पेटी हलवून कान लावायचा. "आवाज आला की समज मोडली," तो सांगायचा. "वाटंत काय आपटून फुटत न्हाई. आतल्या आत हलून फुटतं."

हे त्यानं मला निदान दहा वेळा सांगितलं असेल.

बरण्यांची पेटी भरून झाली. झाकण वर ठेवलं आणि खिळे ठोकण्याआधी मिस्त्री नि हमाल चहाला गेले. साहेब कारखान्यात होते. वहिनी पेटीपाशी आल्या.

"भाऊ, बरण्या रिकाम्याच चालल्या का हो?"

"पेंढा आहे आत, वहिनी."

"पेंढा काय, जनावरं खातात. आई गेल्यावर माझ्याकडे आल्या या, त्याही भरलेल्या आल्या होत्या. नव्या घरात रिकामी बरणी न्यायची म्हणजे..."

पुढचं बोलायची त्यांना गरज नव्हती. आमच्याकडे शेजारच्या घरून आलेली वाटीसुद्धा रिकामी परत करत नाहीत. आई निदान चार दाणे तरी टाकायची. म्हणायची, "रिकामा भांडा कोणाच्या घराक धाडू नये." मी पाच महिने घर पाहिलं नव्हतं. मला ती अगदी व्यवहाराची बाब वाटली.

"काय घालायचं?" मी विचारलं.

त्यांनी स्वयंपाकघरातून गुळाचे चार खडे आणले, लिंबाएवढे. मी झाकण बाजूला केलं, एकेका बरणीच्या तोंडाचा पेंढा उपसला, तळापर्यंत गेलो, खडा ठेवला आणि पेंढा परत भरला. मिस्त्रीसारखा ठासून भरला असं मला तेव्हा वाटलं. वहिनींचा चेहरा निवळला. मिस्त्रीनं येऊन खिळे ठोकले. त्यानं पेटीला कान लावला नाही, कारण तो एकदा लावून झाला होता.

साहेब आणि वहिनी आदल्या दिवशीच पुढे गेले. आम्ही पहाटे निघालो, चाकणवरून, खेडचा घाट चढून. रस्ता त्या वेळी जसा होता तसा होता. सामान पोचल्यावर पावतीवर सही घ्यायची आणि काही मोडलं असेल तर तिथंच त्यावर शेरा लिहून घ्यायचा, हे माझं काम. शेरा नसेल तर विमा कंपनी विचारतही नाही. दिवेलागणीच्या आधी नाशिकला पोचलो. साहेब दारातच उभे होते. उरलेलं भाडं त्यांनी दिलं, पण हातात कॅलेंडरही होतं. कपडे-लत्त्याच्या ट्रंकेतून त्यांनी ते आपल्याबरोबरच नेलं होतं.

कपाट ठीक. आरसा ठीक. साहेब प्रत्येक जिनसेपाशी "हं" म्हणत होते, जरा नाराजीनंच. मग बरण्यांची पेटी उघडली. दोन बरण्या शाबूत होत्या. दोन फुटल्या होत्या. गुळाचे खडे चारही शाबूत होते.

मिस्त्रीनं एक खडा उचलला, वास घेतला.

"ह्यो कुनी घातला?"

साहेबांनी कॅलेंडर वर केलं. "'सारे आमच्या हातांनी.' छापलंय तुम्ही. विमा आहे ना? लिहा शेरा, भरपाई घेणार मी."

मिस्त्रीनं मला अंगणात ओढलं. "आरं, सरळ हाय. लिव की घरच्या बाईनं पेटी उघडली. बांधलेली पेटी गिऱ्हाइकानं उघडली की आपलं काय बी देनं लागत न्हाई, इमा बी न्हाई. मालक सुटलं, तू सुटला."

"त्यांनी नाही उघडली."

"मंग?"

"मी."

"धा वेळा सांगितलं व्हतं रं तुला," तो म्हणाला.

वहिनी फुटलेले तुकडे सुपात भरत होत्या. त्या एकदाही माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यामुळे जास्त कठीण झालं. मी पावती भिंतीवर धरली. होळीला वीस दिवस होते. अक्षर मालकांना लागावं म्हणून सावकाश लिहिलं: 'दोन बरण्या फुटल्या. बांधणीनंतर पेटी मी उघडून आत गूळ ठेवला.' आणि खाली माझी सही.

साहेबांनी वाचलं. "तुम्ही? आमच्या बरणीत गूळ?"

तेव्हा वहिनी सुपावरून मान न उचलता म्हणाल्या, "गूळ माझा होता. मीच सांगितलं त्यांना. रिकाम्या नको होत्या मला."

साहेबांनी कॅलेंडर खाली केलं. त्यांना कुणावर रागवायचं ते ठरवता येईना. त्यांनी सही केली आणि आम्हाला चहा मिळाला. चहात गूळ होता.

परतीच्या वाटेवर मिस्त्री चाकणच्या पुढं, निघोज्याच्या फाट्याला उतरताना एवढंच म्हणाला, "मालवनला यस्टी कुटून सुटती, ठावं हाय ना?" मी हो म्हटलं. खरं तर मला तो चेष्टा करत होता की काय ते अजून कळलेलं नाही.

मालकांनी पावती वाचली. विम्याचा एजंट पुण्याहून आला होता, त्याच्यापुढे ठेवली. एजंट म्हणाला, यात काही मिळायचं नाही. बांधणीत दोष असेल तर विमा लागत नाही, आणि इथे तर तुमच्या माणसानंच सही करून दोष कबूल केलाय. "हे लिहायची काय गरज होती?" त्यानं मला विचारलं. मी माळ्यावर जाऊन सतरंजीची घडी घातली, कारण ती परत द्यावी लागणार होती.

एजंट गेल्यावर मालकांनी हाक मारली.

"गूळ कुणाचा होता?"

"वहिनींचा."

"मग तो तरी आपला गेला नाही."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः पुण्याला गेले आणि तशाच दोन बरण्या घेऊन आले. तशाच म्हणजे रंगानं. नाशिकची पुढची फेरी होती तिच्यात त्या जायच्या होत्या. मिस्त्रीनं बांधायला घेतल्या. पेंढ्याची पहिली मूठ आत गेली आणि त्याचा हात थांबला. मालकांकडे बघितलं, मालकांनी माझ्याकडे.

"रिकाम्या कशा धाडायच्या?" मालक म्हणाले.

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "तांदूळ घाला. मूठभर, फडक्यात आवळून, तळाला. वर पेंढा. न्हाई हालत."

तांदूळ मालकांच्या घरून आले. मिस्त्रीनं पुरचुंडी तळाशी बसवली, पेंढा ठासला, पेटीला कान लावला. मग मला बोलावून माझाही कान लावला. काही ऐकू आलं नाही.

मालक टेबलाशी जाऊन बसले. "पुढच्या सालच्या कॅलेंडरचा मजकूर बदलायला लागेल," ते म्हणाले. "आत्ताच लिहून ठेव, नाही तर दिवाळीत तू विसरशील."

दिवाळी होळीच्या पुढं आठ महिने होती. मी ते बोटांवर मोजून बघितलं, मग खाली बसून लिहायला घेतलं:

'काच कागदात, चिनीमाती पेंढ्यात, लाकूड गोणपाटात. एकही भांडे रिकामे जाणार नाही. मूठभर तांदूळ आमचे. बांधलेली पेटी पोचेपर्यंत कुणीही उघडू नये.'

मालकांनी वाचलं. 'कुणीही'च्या खाली त्यांनी पेन्सिलीनं एक रेघ मारली आणि म्हणाले, "विमा नि आगाऊ राहिलं."

मी ते घातलं. सतरंजी संध्याकाळी परत अंथरली.