आधी नाव लागू दे

माझे वडील गोरेगावच्या हायस्कुलात क्लार्क आहेत. तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. आमच्या भागात पोरगं एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचं म्हटलं की आधी जुन्या शाळेतून नाव काढायचं, टीसी हातात घ्यायची आणि मग नव्या शाळेच्या दारात जायचं. ती टीसी बाबा लिहितात. निळ्या शाईनं, एकही खाडाखोड न करता. कुणाची जन्मतारीख चुकली तर त्यांना दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

हे एवढ्यासाठी सांगतेय, की अमेरिकेतलं माझं शिक्षण एका टीसीपायी बुडता बुडता वाचलं.

मी परभणीला कृषी अभियांत्रिकी केली आणि पुढं एम. एस.साठी अमेरिकेत गेले. विषय घेतला डेटा सायन्स. का घेतला? सगळे घेतात म्हणून. मी मुळात उतावीळ बाई. हॉस्टेलमधल्या चार जणींनी अर्ज भरला, म्हणून पाचवा माझा. तिथं गेल्यावर वर्गात बसून दुकानांच्या गिऱ्हाइकांच्या सवयी मोजायला लागले तेव्हा कळलं, की हे आपलं काम नाही. मला विहिरींत, मातीत, पाण्यात रस. पहिलं सत्र संपता संपता मी दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात माती आणि पाणी अभियांत्रिकीसाठी अर्ज केला. मार्चच्या मध्यावर तिकडून प्रवेशाचं पत्र आलं. वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होणार होते.

त्या संध्याकाळी घरी फोन लावला. तिकडं सकाळ. आई अंगणात उकडलेली हळद पसरत होती आणि बाबा शाळेत निघायच्या बेतात होते. मी पत्र वाचून दाखवलं. बाबांनी नेहमीसारखं पूर्ण ऐकून घेतलं.

“मंग आता काहून थांबून राहिली? आधी नाव काढून घे. टीसी हातात आली की तिकडलं काम सोपं हुतं. दोन ठिकाणी नाव असलं की तकलीफ हुती.”

“इथं टीसी नसते बाबा.”

“काही ना काही असंलच. जगात अशी शाळा न्हाई जी नाव काढल्याबिगर लेकराला सोडती. अन् बसायचं न्हाई तर जागा काहून अडवायची? आपल्यामागं कुणी तरी उभं आसंल ना.”

मला ते इतकं बराबर वाटलं, की आता आठवलं तरी स्वतःचा राग येतो. मार्च अर्धा झाला होता. तीन विषय चालू होते, त्यातल्या एकात माझा जीव अजिबात रमत नव्हता. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सगळे विषय सोडून देण्याचा फॉर्म होता. ‘कारण’ या रकान्यात मी अभिमानानं लिहिलं, की दुसऱ्या विद्यापीठात जायचं आहे. पाठवलं आणि खिचडी टाकली. सुटल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन वाजला. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातून. आमची सल्लागार बाई, साठीच्या आसपासची, एरवी ईमेलला दोन ओळींत उत्तर देणारी. “वर्गात जाऊ नकोस, आधी माझ्याकडं ये,” एवढंच म्हणाली.

गेले. तिच्या पडद्यावर माझा फॉर्म उघडा होता.

“तू देश सोडून चालली आहेस का?”

“नाही. विद्यापीठ बदलतेय.”

तिनं चष्मा काढला, डोळे चोळले आणि मला खुर्ची दाखवली. मग समजावून सांगितलं.

माझा व्हिसा शिकण्यासाठी होता आणि प्रत्येक सत्रात पूर्ण वेळ शिकणं, म्हणजे माझ्यासाठी किमान तीन विषय, नऊ क्रेडिट, ही त्याची अट होती. सरकारी संगणकात माझी एक नोंद होती आणि ती नोंद या ऑफिसच्या ताब्यात होती. मी तिला न विचारता तिन्ही विषय सोडले असते तर तिला ती नोंद बंद करावी लागली असती. बंद नोंद नव्या विद्यापीठाकडं गेली असती तर पुन्हा चालू करण्यासाठी सरकारकडं अर्ज, कित्येक महिने वाट आणि मंजुरीची खात्री नाही. नाही तर सरळ गाशा गुंडाळून घरी.

“परदेशी विद्यार्थ्याचा हा फॉर्म माझी सही होईपर्यंत अडकून राहतो,” ती म्हणाली. “म्हणून तू अजून विद्यार्थिनी आहेस. काल संध्याकाळी मी घाईत होते. न वाचता सही केली असती तर आज आपण दुसरंच काही बोलत असतो.”

मी रडले. अगदी शेंबूड पुसत रडले. तिनं टिशूचा डबा पुढं सरकवला आणि विचारलं, “हे तुला सांगितलं कुणी?” मी टीसीचं सगळं सांगितलं. निळी शाई, शिक्का, आधी नाव काढणं, मागच्यासाठी जागा सोडणं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही.

“तुझे वडील चूक नाहीत,” ती म्हणाली. “त्यांची पद्धत त्यांच्या शाळेची आहे. इथं उलटं. दुसरीकडं पोचेपर्यंत इथलं नाव सोडायचं नाही.”

मग तिनं कागदावर क्रम लिहून दिला. हे सत्र पूर्ण कर. तीनही विषयांत पास हो. नव्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र मला दे. निकाल लागल्यानंतरची एक तारीख आपण ठरवू, त्या दिवशी तुझी नोंद इथून तिकडं जाईल. ती गेली की ते तुला आपल्या नावाचा आय-ट्वेन्टी देतील. आय-ट्वेन्टी म्हणजे व्हिसामागचा मूळ कागद, कोणत्या विद्यापीठात काय शिकतेस ते सांगणारा. तिकडचा पहिला वर्ग त्या तारखेपासून पाच महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवा, आणि ऑगस्ट त्यात बसत होता.

माझा फॉर्म तिनं माझ्यासमोर रद्द केला.

संध्याकाळी घरी फोन करायला जड जात होतं. खोटं बोलणार होते, पण बाबांचा आवाज ऐकला आणि सगळं ओकून टाकलं. आईनं मागून विचारलं, “काय झालं वो?” बाबांनी तिला दोन शब्दांत सांगितलं आणि मग मला म्हणाले,

“म्या सांगितलं म्हणून तू वापस आली असतीस.”

“सही माझी होती बाबा. तुमची न्हाई.”

“व्हय. पण शब्द माझा हुता.” मग म्हणाले, “त्या बाईला माझा नमस्कार सांग. म्हणावं, गोरेगावच्या क्लार्कनं सांगितलाय.”

मी सांगितला. ती खुर्चीतून उठली आणि दोन्ही हात जोडले, जरा उंचच, कपाळापाशी. आम्ही दोघीही हसलो.

झालेल्या विषयांची क्रेडिट नव्या विद्यापीठात धरून घेण्याचं प्रकरण मात्र नमस्कारानं सुटणारं नव्हतं. नव्या विभागानं माझ्या सहाही विषयांचे अभ्यासक्रम मागवले. नुसतं विषयाचं नाव चालत नव्हतं. कोणत्या आठवड्यात काय शिकवलं, पुस्तक कोणतं, गुण कशाला किती, सगळं हवं होतं. दुसऱ्या कुणालाही ते कागद शोधत वणवण करावी लागली असती. माझ्याकडं होते. विमानतळावर निरोप देताना बाबांनी एक प्लॅस्टिकची फाईल हातात दिली होती. “शाळेतून मिळंल तो कागद यात ठिव, फेकायचा न्हाई,” असं बजावलं होतं. मी त्यावरून त्यांना किती चिडवलं होतं! आता एका दुपारी सहाही अभ्यासक्रम स्कॅन करून पाठवले.

तीन विषय मान्य झाले. सांख्यिकी, प्रोग्रामिंग आणि उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचण्याचा विषय. दोन विषय नव्या पदवीशी जुळत नव्हते, एकात गुण कमी पडले. अठरापैकी नऊ क्रेडिट सोबत आली, नऊ मागं राहिली. मिळालेले गुणही नव्या गुणपत्रिकेत धरले जाणार नव्हते, फक्त क्रेडिट. एक सत्र वाया गेल्याचं वाईट वाटलंच. पण मान्य झालेल्या तीनपैकी दोन विषय त्याच सत्रातले होते, जे मी मार्चमध्ये सोडायला निघाले होते. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

मेच्या मध्यावर नोंद तिकडं गेली, आठवड्यात नवा आय-ट्वेन्टी आला आणि मी सुट्टीला घरी आले. पासपोर्टातल्या व्हिसावर जुन्याच विद्यापीठाचं नाव होतं. बाबांनी तो भिंगाखाली धरून पाहिला. मुदत आहे तोवर तोच चालतो, सोबत नवा आय-ट्वेन्टी दाखवायचा, हे त्यांना तीनदा समजावलं. चौथ्यांदा त्यांनीच मला समजावलं.

जूनमध्ये शाळा उघडली. एके दिवशी मी त्यांचा डबा घेऊन ऑफिसात गेले. समोर एक जोडपं उभं होतं, सोबत सातवीत गेलेली मुलगी. पुण्याला बांधकामावर निघाले होते.

“पोरीचं नाव काढून द्या साहेब. उद्याच्या गाडीनं निघून राहिलो.”

बाबांनी टीसीचं पुस्तक ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले.

“तिकडं कोणत्या शाळेत घालणार?”

“बघू की गेल्यावर.”

मी इतकी वर्षं त्या टेबलाजवळ जा-ये केली आहे. या उत्तरानंतर पेन नेहमी कागदावर टेकायचं. त्या दिवशी बाबांनी टोपण पुन्हा लावलं.

“नाव राहू द्या. तिकडं जवळच्या शाळेत जा, माझा नंबर द्या. टीसी नंतर आली तरी चालती, तेवढ्यावरून पोरीला वर्गात बसू देत न्हाई असं त्यांना म्हणता येत न्हाई. आधी नाव लागू दे. मंग मी इथलं काढतो.”

बाप कुरकुरला, पुन्हा कुठं हेलपाटा. “टीसी मी पोस्टानं धाडतो,” म्हणत बाबांनी नंबर एका चिठ्ठीवर लिहून मुलीच्या आईच्या हातात दिला. मुलीला गुणपत्रिकेची प्रत दिली आणि ती नीट ठेवायला सांगितली. मग माझ्याकडं न बघता डबा उघडला.

एका परक्या बाईनं माझं नाव धरून ठेवलं आणि त्याचं ऋण बाबा आपल्या टेबलावरून फेडायला लागले होते. चूक कबूल करून पद्धत बदलणारा माणूस आपल्या घरात आहे, याचा त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला, तेवढा नव्या आय-ट्वेन्टीचाही झाला नव्हता.

ऑगस्टमध्ये मी परत अमेरिकेत आले. विमानतळावर अधिकाऱ्यानं व्हिसावरचं नाव पाहिलं, आय-ट्वेन्टी पाहिला, एक प्रश्न विचारला आणि सोडलं. नव्या विद्यापीठातला पहिला आठवडा संपला त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. माझे वर्ग कसे आहेत हे विचारायच्या आधीच म्हणाले, “पुण्याहून फोन आला बरं का त्या पोरीच्या शाळेचा. नाव लागलं तिचं.”

“मग?”

“मंग काय. आत्ता लिहिली टीसी.”