पिल्लाची शिफ्ट

कुत्रं पाळायचं खूळ माझं नव्हतं. नवऱ्याच्या कारखान्यातल्या एका मित्राकडे पॉमेरेनियनला पिल्लं झाली आणि हा माणूस मला न विचारता त्यातलं एक जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घेऊन आला. पांढरंशुभ्र, तळहातावर मावेल एवढं. मी पिशवीत डोकावले आणि डबा कुठे गेला म्हणून विचारलं. डबा कारखान्यातच राहिला होता.

आम्ही तेव्हा कोपरखैरण्याला राहत होतो, एका आगरी कुटुंबाच्या घराच्या वरच्या मजल्यावर. मी वाशीच्या एका ऑफिसात हिशेबाच्या टेबलावर, नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाईट, आणि पुन्हा पहिल्यापासून. घरात तिसरं माणूस नाही. अशा घरात पिल्लू आणणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, आणि हे मी त्याला अगदी स्पष्ट शब्दांत ऐकवलं. त्याने मान डोलावली आणि पिल्लाला दूध पाजायला बसला.

दुसऱ्याच दिवशी पिल्लाला वाशीच्या डॉक्टरांकडे नेलं. जनावरांचे डॉक्टर, पण माझ्याशी बोलताना शाळेतल्या हेडमास्तरांसारखे. जंताचं औषध तिथेच पाजलं, पुन्हा दोन आठवड्यांनी आणायला सांगितलं. पहिली लस त्याच्या पुढच्या आठवड्यात, मग तीन-चार आठवड्यांनी दुसरी, रेबीजची त्यानंतर. लसी पुऱ्या होईपर्यंत जमिनीवर सोडायचं नाही, रस्त्यावरच्या कुत्र्यांचे रोग लागतात. फिरवायचं तर कडेवर घेऊन गच्चीत. दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्यायचं, दह्यात कालवलेला मऊ भात, उकडलेलं अंडं. खाऊन झालं की लगेच वर्तमानपत्रावर ठेवायचं, तिथे केलं की शाबासकी द्यायची. भलतीकडे केलं तर ओरडायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. हे शेवटचं सांगताना त्यांनी माझ्याकडेच का पाहिलं, ते मला कळलं नाही.

नवरा आणि मी त्या रात्री कागद-पेन घेऊन बसलो. डॉक्टरांनी चार वेळा म्हटलं होतं. आमच्या घरात दर आठवड्याला दिवसच वेगळा उगवायचा. मग आम्ही काय केलं, तर एकाऐवजी तीन वेळापत्रकं केली. फर्स्ट शिफ्टचं, सेकंडचं आणि नाईटचं. नवरा फर्स्टला असेल तेव्हा सकाळचं मी द्यायचं, दुपारचं खालच्या घरमालकीणबाईंनी, साडेतीनला तो आला की त्याने, रात्री मी. सेकंडला असेल तर दुपारी निघेपर्यंतचं सगळं त्याच्याकडे, रात्रीचं मी. नाईटला असेल तर तो सकाळी आल्यावर पहिलं, झोपून उठला की दुसरं, उरलेली दोन मी. तिन्ही कागद मी स्वयंपाकघराच्या दारावर लावले. कारखान्यातही असाच तक्ता लागतो, असं नवरा कौतुकाने म्हणाला. मलाही आपण फार हुशार आहोत असं वाटलं.

घरमालकीणबाईंकडे आमची किल्ली असायची. दुपारी पिल्लाला भरवाल का, असं मी जरा अडखळतच विचारलं होतं. त्या सुकट निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी हाय ना. तू जा कामाला." त्यांच्या या दोन वाक्यांवर मी पुढे निश्चिंतपणे ऑफिसला जात राहिले.

पहिले काही आठवडे बरे गेले म्हणायचे. पहिली लस झाली. नवरा त्याला कडेवर घेऊन गच्चीत फेऱ्या मारायचा आणि त्याच्याशी साताऱ्याकडच्या बोलीत गप्पा मारायचा, ज्या माझ्याशी कधी मारल्या नाहीत. पण वर्तमानपत्राचं काही जमेना. एका आठवड्यात पिल्लू शहाण्यासारखं कागदावर जायचं, पुढच्या सोमवारी सगळं विसरायचं. कधी भुकेने ओरडायचं तर कधी भरलेल्या वाटीकडे ढुंकूनही पाहायचं नाही. मला वाटलं, ढ आहे. तसं मी बोलूनही दाखवलं. नवऱ्याला ते लागलं.

मग तो दिवस आला. नाईट संपून नुकतीच फर्स्ट शिफ्ट लागली होती. घरमालकीणबाईंच्या भाच्याची हळद होती. अख्खं कुटुंब सकाळीच पनवेलजवळ करंजाड्याला गेलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा नवरा म्हणाला, काही टेन्शन नाही, मी साडेतीनला येतोच आहे. मी सकाळी दुपारचाही भात एकदमच वाटीत घातला. पिल्लाने थोडासा खाल्ला, बाकीचा तसाच राहिला. मला बसची घाई होती. उरलेला दही-भात उन्हाळ्यात आंबेल म्हणून मी तो उचलून टाकला आणि दाराला कुलूप लावलं.

कारखान्यात दुपारी त्याच्या जागी येणारा रिलीव्हर आला नाही. मशिन सोडून जाता येत नाही, म्हणून त्याला पुढच्याही शिफ्टला, डबलला थांबवलं. त्याने गेटवरून घरमालकांच्या फोनवर फोन केला. आमचे निरोप त्यांच्याकडेच यायचे, तोच आमचा पीपी नंबर, पण घरात उचलायला होतं कोण? माझ्या ऑफिसची लाइन तर दोन दिवस डेड होती. हे सगळं मला नंतर समजलं. त्या संध्याकाळी मी बसमधून उतरले तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की नवरा घरी असेल आणि चहा तयार असेल.

दाराला कुलूप होतं. मी पर्समधली किल्ली काढून ते उघडलं. आत अंधार, आणि नेहमी पायांत येणारं पिल्लू आलं नाही. दिवा लावला. ते वर्तमानपत्रावर एका कुशीवर आडवं पडलं होतं, पाय ताठ, डोळे उघडे, आणि त्या उघड्या डोळ्यांत मी नव्हतेच. मी हाक मारली. कान हलला नाही. उचललं तर अंग गार, मान लुळी. मेलं, असं मी मोठ्याने म्हणाले, रिकाम्या घरात. मग त्याचा एक पाय झटक्याने हलला आणि मी इतकी दचकले की ते हातातून पडता पडता वाचलं.

टॉवेलात गुंडाळून मी खाली धावले. समोरच्या किराणावाल्याला म्हटलं, हे आले तर डॉक्टरांकडे पाठवा, वाशीला. रिक्षात मी त्याच्या छातीवर बोटं ठेवून बसले. श्वास चालतोय की रिक्षाच हादरतेय, ते कळत नव्हतं. ज्याला मी ढ म्हणत होते त्या जिवासाठी मी रिक्षावाल्यावर ओरडत होते.

दवाखान्यात चार-पाच माणसं बसली होती. मी सरळ आत घुसले. डॉक्टरांनी त्याचे ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, पांढऱ्याफटक पडल्या होत्या, आणि एकच विचारलं, शेवटचं कधी खाल्लं? सकाळी, मी म्हटलं, तेही थोडंसं. त्यांनी ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळलं. घशात ओतलं नाही. शुद्धीवर नसलेल्याला पाजलं तर फुप्फुसात जातं, म्हणाले. मग पुढच्या पायावरचे केस कापून बारीक सुईने शिरेतून ग्लुकोज दिलं, अगदी हळूहळू. कंपाउंडरने गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून त्याच्या पाठीला लावली. मी भिंतीला टेकून उभी होते.

थोड्या वेळाने पिल्लाने पापणी मिटली आणि उघडली. मग जीभ बाहेर काढून स्वतःचंच नाक चाटलं. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि रडले. कंपाउंडर दुसरीकडे बघू लागला.

रक्तातली साखर उतरली होती. एवढ्याशा जातीच्या पिल्लांच्या अंगात साठा नसतो, डॉक्टर सांगत होते, जरा जास्त वेळ पोट रिकामं राहिलं की ती कोसळतात. वर पोटात जंत असतील, खाणं अनियमित असेल तर आणखीच लवकर. मग त्यांनी विचारलं, रोजच्या वेळा कोणत्या? मी सांगितलं. तीन वेळापत्रकं सांगितली, कुठली कधी, कशी बदलतो ते. सांगताना मला वाटलं, आता तरी यांना कळेल की आम्ही निष्काळजी नाही.

डॉक्टरांनी मला मध्येच थांबवलं. "दर आठवड्याला वेळा बदलता? याच्या?"

इतक्यात दारात नवरा. कसाबसा बदली माणूस मिळवून निघाला होता, अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, हाताला ग्रीस. टेबलावर सुई लावलेलं पिल्लू पाहून तो उंबऱ्यातच थिजला. जिवंत आहे, मी आधी एवढंच म्हटलं. तो पुढे आला, पण ग्रीसच्या हाताने त्याला शिवेना.

डॉक्टरांनी मग आम्हा दोघांना समोर उभं करून झापलं. शिफ्ट कुठलीही असो, खाण्याच्या चार वेळा रोज त्याच. घरी कोण असतं त्यावर वेळ ठरवायची नाही. वेळ ठरवून मग माणूस शोधायचं. खालच्या बाईंना रोजची दुपार द्या आणि त्या नसतील तेव्हा दुसरं कोणी ठरवून ठेवा. कागदावर कधी जायचं, हे त्याचं पोट त्याला सांगतं. पोटाचीच वेळ पळत राहिली तर तुम्ही त्याला शिकवणार काय? "झोप, भूक, शी-शू, सगळं एका वेळेला बांधलेलं असतं," ते म्हणाले. "दर आठवड्याला ते उलटंपालटं केलं तर कुठल्याही जिवाला सोसत नाही."

नवरा ऐकत होता. डोळे तारवटलेले, सकाळपासून उभा असलेला. तो हळूच म्हणाला, "डॉक्टर, मी बारा वर्सं हेच करतोय."

ते तक्रारीच्या सुरात नव्हतं. माहिती द्यावी तसं. डॉक्टर सुईकडे वळले, मग पुन्हा त्याच्याकडे. जनरल शिफ्ट मागून घेता येत नाही का, असं त्यांनी विचारलं, आता आवाज उतरलेला.

"मागितली की. तीनदा मागितली."

मी त्याच्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्याला दुपारी झोप लागत नाही, नाईटच्या आठवड्यात जेवण जात नाही, पित्ताने तो रात्र रात्र बसतो, हे सगळं मी रोज बघत होते आणि त्याचा स्वभावच किरकिरा आहे असं समजून चालत होते. त्याने कधी काही मागितलं होतं, हे मला त्या टेबलापाशी, परक्या माणसाच्या प्रश्नामुळे कळलं.

"कधी मागितली?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे गं," तो म्हणाला. "आधी ह्याचं बघू."

डॉक्टरांनी वाटीत थोडं कोमट खाणं मागवलं होतं. पिल्लू चाचपडत उठलं, पाय फाकले, पुन्हा बसलं. नवऱ्याने बेसिनवर साबण लावून हात धुतले, घासून घासून, मग बोटावर घास घेऊन त्याच्या तोंडापाशी धरला. पिल्लाने तो चाटला, आणि पुढचा. मला त्याच्या हाताकडे बघवेना. सकाळच्या डब्यानंतर त्याने काय खाल्लं होतं, हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारायचा धीर होत नव्हता.