तक्रारीची पोच

आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाची आचारसंहिता मी लिहिली होती. २००६ साल असेल. त्या वर्षी मी मंडळाचा सचिव झालो आणि प्रभारी सरांनी ते काम माझ्यावर सोपवलं. अध्यक्षाने काय करायचं, सचिवाने काय करायचं, तक्रार कुणाकडे द्यायची, सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. तक्रार लेखी घ्यावी, सचिवाने तारीख घालून पोच द्यावी, सात दिवसांत ती तक्रार समितीपुढे ठेवावी, तक्रारदाराचं नाव बाहेर फोडू नये. तसं झालं नाही तर तक्रारदाराने थेट प्राचार्यांकडे जावं. सरांना ते आवडलं. खाली माझ्या सहीसह सूचना फलकावर लागलं. येता-जाता मी स्वतःच ते वाचायचो.

स्नेहसंमेलनाच्या तालमीत पहिल्या वर्षाची एक मुलगी सूत्रसंचालन करायची. ती चिचगडच्या पलीकडच्या, जंगलातल्या एका खेड्यातली, वसतिगृहात राहणारी. एका दुपारी आमच्या अध्यक्षाने तिच्या हातातला माइक काढून घेतला आणि तिच्या बोलण्याची नक्कल केली. "जंगल में चलता होगा ऐसा, यहाँ नहीं," असं म्हणून तिचं काम दुसरीला दिलं. तालमीला तीस-चाळीस पोरं होती, सगळी हसली. मीही हसलो. अध्यक्ष माझा जिवलग मित्र होता, आम्ही एकाच गाडीने अर्जुनीहून येत-जात होतो.

दुसऱ्या दिवशी ती मंडळाच्या खोलीत आली. हातात वहीचा घडी घातलेला कागद.

"दादा, हे घ्या. आन मले पोच पाहिजे."

"पोच कायले? मी आहे ना."

"तिथं लिहून आहे ना, पोच द्यावी म्हणून."

मी जरा चिडूनच तारीख घातली, सही केली. ती गेल्यावर कागद उघडला. अध्यक्षाचं नाव, त्याचे शब्द, हसणाऱ्यांमध्ये सचिवही होते हे वाक्य. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

त्याच संध्याकाळी गाडीत मी तो कागद अध्यक्षाला वाचून दाखवला. समितीपुढे ठेवण्याआधी मित्राला सांगावं, एवढंच डोक्यात होतं, अशी मी मनाची समजूत घातली. तो म्हणाला, "अरे छोड ना यार, मैं देख लेता हूँ." मी सोडलं. कागद बॅगेतच राहिला.

त्याने काय बघून घेतलं ते दोन दिवसांत कळलं. तो आणि त्याचे चार मित्र वसतिगृहाच्या रस्त्यावर तिला गाठायचे आणि तिच्याच बोलीत "तक्रार करून राहिली का वं?" असं विचारायचे. खोलीतल्या मुलींनी तिच्यासोबत जेवायला जाणं बंद केलं. हे सगळं मला माहीत होतं. ती समोरून आली की मी ग्रंथालयात शिरायचो.

आठव्या दिवशी ती पोच घेऊन प्राचार्यांकडे गेली.

समिती प्राचार्यांच्या खोलीत बसली. प्रभारी सर, एक मॅडम आणि विद्यार्थी प्रतिनिधी; समोर ती, अध्यक्ष आणि मी. मॅडमनी मला विचारलं, "तक्रार कुठे आहे?"

"मॅडम, हरवली."

हे मी तिच्या समोर बोललो. पण अध्यक्ष घाबरला होता, आणि आपली बाजू सावरायला तो म्हणाला, "सर, यानेच मला गाडीत वाचून दाखवली. मला काय माहीत की दाखवायची नसते."

सरांनी फलकावरचा कागद काढून आणवला आणि सचिवाची कर्तव्ये मोठ्याने वाचायला सांगितली. मी वाचलं. नाव बाहेर फोडू नये, हे मी भरभर वाचून पुढे गेलो. सर म्हणाले, "पुन्हा वाच."

अध्यक्षाचं पद गेलं, त्याने तालमीत सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. तिला काम परत मिळालं. माझं सचिवपदही गेलं.

संमेलनानंतर तिला एकदा बसस्थानकावर पाहिलं. धीर करून गेलो आणि चुकलं म्हणालो.

"त्याच्यावरचा राग निंगून गेला, दादा," ती म्हणाली. "तो तसाच आहे, मले पहिलेच माहीत होतं. पण ते फलकावरचं वाचून मले वाटलं का लिहिणारा चांगला मानूस असन. म्हणून तं मी सरांकडे नाही, तुमच्याकडे आली."

देवरीची बस लागली. ती चढली, खिडकीतून तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी मी सांगितलं की अभ्यासासाठी मी स्वतःच पद सोडलं. आई अजूनही पाहुण्यांना ते कौतुकाने सांगते. मी तिथेच बसलेला असतो आणि तिला थांबवत नाही.