नावाचा रकाना

नीलाताईंच्या कामात चूक सापडणं म्हणजे नवलच. पोस्टातली नोकरी संपली, तरी टापटीप काही सुटली नव्हती. मानपाड्याच्या त्यांच्या सोसायटीत पाण्याचा पंप बंद पडला आणि बिल्डरचा मॅनेजर ग्रुपवर नुसतं ‘उद्या बसवतो’ म्हणत राहिला. शेवटी प्रकरण वकिलाकडे गेलं. वकील म्हणाले, सुटे स्क्रीनशॉट नकोत. सगळा ग्रुप तारीखवार, नावानिशी पीडीएफ करून द्या.

सोसायटीच्या सेक्रेटरी नीलाताईच. त्यांना हुरूपच आला. मीडिया वगळून चॅट एक्सपोर्ट केलं. आलेल्या टेक्स्ट फाइलमधल्या सलग मजकुराचा तक्ता केला: तारीख, वेळ, नाव, मेसेज. दोन-तीन ओळींचे मेसेज मोडले होते, तेही नीट जोडले. तारखा तर दोनदा तपासल्या. मग पीडीएफ केली आणि वकिलाच्या आधी सगळ्यांनी बघून घ्यावी म्हणून ग्रुपवर टाकली.

थोड्याच वेळात समृद्धी भोईरचा मेसेज आला. ‘काकू, आमच्या आजीचं हे आडनाव कधीपासून?’

नीलाताईंनी फाइल उघडली आणि नावाचा रकाना बघितला. एक्सपोर्टमध्ये नावं येतात ती आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेली. पार्किंगवरून एकदा आवाज चढला तेव्हा रागाच्या भरात त्यांनी तळमजल्यावरच्या सगुणा भोईरचा नंबर ‘सगुणा भांडकुदळ’ म्हणून ठेवला होता. त्या नावाला डोळे इतके सरावले होते की तपासताना ते खटकलंच नाही.

आणि त्या नावापुढे काय होतं? ‘आमच्या बोअरचं पाणी सोडलंय, भरून घ्या.’ ‘वरच्या आजींना बादली पोचली का?’ पानोपानी तेच. बिल्डिंग उभी होती ती सगुणाच्या सासऱ्याच्या भातखाचरावर, आणि पंप बंद पडल्यापासून नीलाताईंच्या घरचा चहासुद्धा तिच्याच पाण्याचा होता.

त्यांनी फाइल सगळ्यांसाठी डिलीट केली. पण लोकांनी ती केव्हाच उतरवून घेतली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाव सुधारलं, पुन्हा एक्सपोर्ट केलं, पुन्हा तक्ता जुळवला आणि नव्या पीडीएफची छापील प्रत घेऊन त्या खाली गेल्या.

सगुणाने कागद हातात घेतला, बोट ठेवत आपलं नाव वाचलं.

“माझं चुकलं गं,” नीलाताई कशाबशा म्हणाल्या.

“आता बराबर लिवलंय,” एवढंच बोलून तिने कागद परत दिला.

सकाळी अंगणात पाइप रोजच्यासारखा वाहत होता. नीलाताई बादली घेऊन आल्या खऱ्या, पण ती पाइपाखाली धरायला हात पुढे होईना. लाज वाटत होती. मागे बायका थांबल्या होत्या.

ओट्यावरून सगुणा म्हणाली, “भरा ना ताई. काल पन भांडकुदलीचंच पानी पिलाव ना?”