पुतणीची कुस्ती, तुकड्यातुकड्यांनी

पुतणी तीर्थपुरीच्या आखाड्यात वीस मिनिटं लढली आणि मी ती सगळी कुस्ती मोबाइलवर घेतली. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, सैन्यात सीमेवर होता. घरी येताच ती म्हणाली, "काका, कोण जिंकलं ते पप्पांना कोणी सांगायचं न्हाई. व्हिडिओच धाडा."

व्हिडिओ तीनशे ऐंशी एमबीचा, आणि आमच्या मेसेजिंग ॲपवर शंभरच्या वरचा जात नव्हता. मी पाच-पाच मिनिटांचे चार सारखे भाग केले. एकेक भाग सरासरी पंच्याण्णवचा, म्हणून निर्धास्त होतो. पहिले तीन गेले. दादाचा लगेच फोन आला, "अरे, पोरगी खाली हाय! जल्दी धाड पुढचं!"

चौथा भाग जाईना. पाहिलं तर तो एकशे बारा एमबीचा! शेवटी माणसं उठून नाचत होती, धूळ उडत होती, माझाही हात हलत होता. चित्रात हालचाल जास्त, म्हणून मिनिटं तेवढीच असूनही तो भाग जड झाला होता. मंग मी त्याचेच दोन सारखे तुकडे केले. दोन्ही बराबर गेले.

थोड्या वेळानं दादाचा व्हिडिओ कॉल आला. तो नुसता हसत होता. मागून त्याचे सोबती ओरडत होते, "परत लाव, परत लाव!" पुतणीनं माझ्या हातातला फोन हिसकावला, समोर टेकवून ठेवला आणि बापाला दंड थोपटून दाखवले.